दिवाणी दाव्याचा खर्च कोणावर पडतो: हुकूमनाम्याच्या तळाशी असलेला तक्ता आणि त्यामागचा हिशेब

दिवाणी दाव्याचा निकाल लागला की पक्षकार बहुधा निकालपत्राच्या शेवटच्या परिच्छेदातली पहिली ओळ वाचतो आणि दावा मंजूर की नामंजूर एवढे समजले की कागद पिशवीत ठेवतो. त्याच परिच्छेदात आणखी एक ओळ असते आणि ती खर्चाची असते. «दावा खर्चासह मंजूर», «प्रमाणशीर खर्चासह अंशतः मंजूर», «ज्याचा खर्च त्याने सोसावा» किंवा «खर्चाबाबत हुकूम नाही» अशा चारपैकी एका रूपात ती सापडते. कोर्ट फी, समन्सचा खर्च, साक्षीदाराचा भत्ता आणि वकिलाच्या फीचा काही भाग कोणाच्या खिशातून जाणार हे या ओळीवर ठरते. प्रत्यक्ष रक्कम किती हे मात्र निकालपत्रात नसते. ते नंतर तयार होणाऱ्या हुकूमनाम्याच्या तळाशी, दोन बाजूंच्या तक्त्यात मांडलेले असते.

हा लेख सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या दिवाणी न्यायालयांत चालणाऱ्या साध्या वसुली दाव्यापुरता आहे. वाटपाच्या दाव्यात खर्चाचा हुकूम वेगळ्या विचाराने होतो, कारण तिथे सगळेच हिस्सेदार असतात आणि न्यायालय बहुतेक वेळा ज्याचा खर्च त्याच्यावर ठेवते किंवा तो मिळकतीतून काढायला सांगते. वसुली दाव्यात हरणारा आणि जिंकणारा स्पष्ट असतो, म्हणून खर्चाचे सूत्र तिथे सर्वांत नीट दिसते.

उदाहरणाचा दावा

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराने बेदाणा तयार करून शीतगृहात ठेवला आणि सांगलीच्या एका व्यापाऱ्याला विकला, असे समजू. माल तासगावला ताब्यात दिला, काही रक्कम मिळाली आणि २,६०,००० रुपये थकले. दावा दाखल होईपर्यंतचे व्याज २०,००० रुपये धरून बागायतदाराने तासगावच्या दिवाणी न्यायालयात २,८०,००० रुपयांचा दावा लावला. हे उदाहरण कल्पित आहे. खाली कोर्ट फीपासून भत्त्यापर्यंतचे आकडेही हिशेब कळावा म्हणून सोयीचे, गोल घेतले आहेत. खऱ्या दाव्यात कोर्ट फी महाराष्ट्राच्या न्यायालय शुल्क कायद्याच्या अनुसूचीनुसार, दाव्याच्या रकमेवर निघते.

रक्कम तीन लाखांच्या आत ठेवण्यालाही कारण आहे. माल विक्रीच्या करारातून निर्माण झालेला आणि व्याजासह तीन लाख किंवा त्याहून अधिक मूल्याचा वाद २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्याखाली जाऊ शकतो. तिथे तातडीच्या अंतरिम दिलाशाची मागणी नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे आणि खर्चाचे कलमही वेगळे आहे. त्या कलमानुसार हरणाऱ्याने खर्च द्यावा हा सर्वसाधारण नियम असून त्यात वकिलाची फी आणि कायदेशीर खर्च स्पष्टपणे धरले आहेत. म्हणून थकबाकी तीन लाखांच्या आसपास असेल, तर दाव्याचा मसुदा करण्यापूर्वी वकिलाशी पहिली चर्चा याच प्रश्नावर व्हावी. खालील विवेचन साध्या दिवाणी दाव्याचे आहे.

पहिली पायरी: नियम काय आहे आणि त्याची मर्यादा कुठे आहे

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ३५ नुसार खर्च कोणी, कोणत्या मिळकतीतून आणि किती द्यायचा हे ठरवण्याचा पूर्ण अधिकार न्यायालयाला आहे. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात एक अट आहे: खर्च निकालाच्या मागे जाणार नसेल, म्हणजे जिंकणाऱ्याला खर्च द्यायचा नसेल, तर न्यायालयाने त्याची कारणे लिहून द्यावीत. त्यामुळे खर्च हा जिंकणाऱ्याचा हक्क नसला, तरी तो नाकारणे हा कारण मागणारा अपवाद आहे. व्यवहारात «खर्चाबाबत हुकूम नाही» ही ओळ कारणाशिवायही वाचायला मिळते. ती तशीच सोडून द्यायची की अपिलात उचलायची हा निर्णय पक्षकाराने जाणीवपूर्वक घ्यावा, कारण त्या ओळीने कोर्ट फीची सगळी रक्कम बुडालेली असते.

मर्यादा कलमाच्या सुरुवातीच्या शब्दांतच आहे. न्यायालयाचा अधिकार विहित अटींच्या आणि मर्यादांच्या अधीन आहे. वकिलाची फी किती धरायची हे उच्च न्यायालयाच्या नियमांतल्या दरांवर, दाव्याच्या मूल्यानुसार ठरते. पक्षकाराने वकिलाला प्रत्यक्षात दिलेल्या रकमेशी त्याचा संबंध नसतो. आमच्याकडे पक्षकार सहज विचारतात, «वकीलसाहेब, जिंकलो तर तुमची फी पण त्याच्याकडूनच निघंल न्हवं?» त्याचे खरे उत्तर «थोडी निघेल» असे आहे, आणि ते फी ठरवतानाच सांगितलेले बरे.

सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात म्हटले की खर्च प्रत्यक्ष आणि वाजवी असावा आणि त्यात वेळ, प्रवास, निवास यांचाही विचार व्हावा. तो परिच्छेद युक्तिवादात पुष्कळदा वाचला जातो. पण २०११ मध्ये संजीव कुमार जैन यांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने प्रत्यक्ष झालेला खर्च म्हणून लावलेली सुमारे ४५ लाखांची रक्कम सर्वोच्च न्यायालयानेच टिकू दिली नाही. नियमांत तरतूद नसताना प्रत्यक्ष खर्च देता येत नाही, हे त्यामागचे कारण होते. नियम वास्तवाला धरून बदलावेत असेही त्याच निकालात सुचवले आहे. म्हणून सेलम प्रकरणातला परिच्छेद वाचून पूर्ण फी परत मिळण्याची आशा धरू नये.

दुसरी पायरी: दाव्याआधीपासून पावत्या आणि दाव्यात विनंती

कोणत्या बाबी खर्चात धरता येतात याची यादी संहितेच्या आदेश २०-अ मध्ये आहे. दाव्यापूर्वी दिलेल्या नोटिशीचा खर्च त्यात येतो, मग ती नोटीस कायद्याने सक्तीची असो वा नसो. दावा, प्रतिवादीचे लेखी उत्तर म्हणजे कैफियत, इत्यादींचे टंकलेखन व छपाई, अभिलेख पाहण्याचे शुल्क, साक्षीदार आणण्याचा खर्च आणि अपिलात निकालपत्र व हुकूमनाम्याच्या नकलांचे शुल्क याही बाबी तिथे आहेत. साक्षीदार समन्सविना, पक्षकाराने स्वतः आणला तरी त्याचा खर्च धरता येतो. ही तरतूद फारशी कोणी वापरत नाही, कारण साक्षीदाराला एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी हातात देताना त्याची नोंद कोणी ठेवत नाही.

आपल्या बागायतदाराने नोटीस पाठवल्याची टपाल पावती, वकिलाची नोटिशीपुरती वेगळी पावती, टंकलेखकाचे बिल आणि शीतगृहाच्या व्यवस्थापकाला दिलेल्या भत्त्याची सही असलेली पोच अशा चार गोष्टी एका पाकिटात ठेवाव्यात. दाव्याच्या विनंती कलमात «दाव्याचा संपूर्ण खर्च प्रतिवादीकडून वादीस देववावा» हे वाक्य असल्याची खात्री करावी. न्यायालय ते नसतानाही खर्च देऊ शकते, पण न मागितलेली गोष्ट युक्तिवादातून गळते आणि मग हुकमातूनही गळते.

प्रतिवादीच्या बाजूनेही हीच काळजी हवी. दावा खोटा किंवा छळवणुकीचा असून तो दाखल करणाऱ्याला ते माहीत होते, असे प्रतिवादीचे म्हणणे असेल, तर ते कैफियतीत स्पष्ट लिहावे लागते. कलम ३५-अ खाली नुकसानभरपाई स्वरूपाचा खर्च मागण्यासाठी असा आक्षेप घेतलेला असणे ही अट आहे. त्या कलमाची कमाल मर्यादा मात्र ३,००० रुपये आहे, किंवा न्यायालयाच्या आर्थिक अधिकाराची मर्यादा त्याहून कमी असेल तर तेवढीच. हा आकडा १९७६ च्या दुरुस्तीपासून तसाच आहे. खोट्या दाव्याला चाप म्हणून हे कलम किती उपयोगाचे उरले, हे या आकड्यावरून कळते. वाणिज्यिक वादांसाठी ही मर्यादा काढून टाकली आहे आणि अपिलात हे कलम लागूच होत नाही.

तिसरी पायरी: तहकुबीचा खर्च, जो त्याच दिवशी मागायचा असतो

दाव्याच्या शेवटी मिळणारा खर्च आणि मधल्या तारखांना मिळणारा खर्च यांचे नियम वेगळे आहेत. दुसऱ्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते आणि पैसा प्रत्यक्ष हातात येण्याची शक्यता तिथेच जास्त असते.

आपल्या दाव्यात पुराव्याची तारीख लागली आहे. शीतगृहाचा व्यवस्थापक मालाच्या आवक-जावक नोंदींचे रजिस्टर घेऊन तासगावला आला आहे. दुपारी प्रकरण पुकारले जाते आणि व्यापाऱ्याचे वकील उलटतपासासाठी मुदतीचा अर्ज देतात. आदेश १७ नुसार सुनावणीच्या टप्प्यात एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत आणि तहकुबी देताना त्यामुळे पडणाऱ्या खर्चाचा हुकूम करावा असे म्हटले आहे. त्याबरोबरच कलम ३५-ब आहे. ठरलेल्या तारखेला पक्षाने त्या दिवशी करायची गोष्ट केली नाही किंवा तहकुबी घेतली, तर त्या दिवशी न्यायालयात येण्यासाठी दुसऱ्या बाजूला झालेला खर्च भरून देण्याचा हुकूम या कलमाखाली होतो.

वादीच्या वकिलाने अशा वेळी मुदत अर्जावर नुसते «हरकत आहे» एवढेच लिहू नये. «साक्षीदार रजिस्टरसह हजर आहे, त्याचे येण्याजाण्याचे भाडे व दिवसाचा भत्ता आणि वादीचा खर्च मिळून ८०० रुपये झाले आहेत, तो कलम ३५-ब खाली देववावा» असे रकमेसह लिहावे. रक्कम आणि कलम लिहिलेले असले की हुकूमही त्या शब्दांत उतरतो. अर्जावर «८०० रुपये खर्चाच्या अटीवर मंजूर» असा शेरा झाला, की त्याची नोंद रोजनाम्यात आली आहे का हे त्याच दिवशी पाहावे.

पुढच्या तारखेला या हुकमाची धार दिसते. कलम ३५-ब नुसार हा खर्च भरणे ही पुढील कामकाजाची पूर्वअट आहे. व्यापाऱ्याने तो दिला नाही, तर त्याला त्याचा बचाव पुढे चालवता येत नाही. ही गोष्ट आपोआप घडत नाही. वादीने पुढच्या तारखेला पुरशिस म्हणजे लेखी निवेदन देऊन खर्च मिळालेला नाही हे नोंदवावे लागते. न्यायालय कारण पाहून मुदत वाढवू शकते, त्यामुळे हुकूम मोडल्यामुळे दावा लगेच एकतर्फी निकाली निघेल असे मानू नये. मनोहर सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये या कलमाचा अर्थ लावताना पुढील कामकाजावरची बंदी हा परिणाम मानला आहे. त्या न्यायालयाच्या दृष्टीने खर्च न भरल्याबद्दल दावा किंवा बचाव सरळ फेटाळणे हा मार्ग नाही.

इथे दोन बारकावे आहेत. पहिला असा की कलम ३५-ब खालची रक्कम अंतिम हुकूमनाम्याच्या खर्चात धरता येत नाही. ती भरली गेली नाही तर तिच्यापुरता स्वतंत्र हुकूम तयार होतो आणि त्याची वेगळी अंमलबजावणी होते. त्यामुळे अंतिम यादीत ती रक्कम पुन्हा टाकली, तर समोरचा वकील ती खोडून मागेल आणि यादीवरचा विश्वास कमी होईल.

दुसरा बारकावा स्वीकारण्याबद्दल आहे. एकतर्फी हुकूम रद्द करताना किंवा कैफियतीत दुरुस्ती करू देताना न्यायालय «अमुक रक्कम दिल्यास» अशी अट घालते. त्या अटीची रक्कम विरोधी पक्षाने हरकत न नोंदवता घेतली, तर तोच हुकूम पुढे वरच्या न्यायालयात आव्हान देताना हा स्वीकार आड येऊ शकतो. आव्हान द्यायचे मनात असेल तर रक्कम घेऊ नये, किंवा «हक्क राखून» अशी पुरशिस देऊनच घ्यावी.

चौथी पायरी: निकालानंतरचे पंधरा दिवस

निकाल जाहीर झाल्यावर हुकूमनामा शक्य तितक्या लवकर आणि पंधरा दिवसांच्या आत तयार करण्याचा प्रयत्न व्हावा असे संहितेत म्हटले आहे. याच काळात खर्चाची यादी पावत्यांसह दाखल करावी. तक्त्यात ज्या रकमा न्यायालयाच्या स्वतःच्या कागदांवरून दिसतात, म्हणजे दाव्यावरचे आणि वकीलपत्रावरचे स्टॅम्प, समन्स बजावणी, कमिशनरची फी, त्या कार्यालय उतरवून घेते. नोटीस, टंकलेखन, स्वतः आणलेला साक्षीदार यांची माहिती मात्र पक्षकाराने दिल्याशिवाय कोणालाही नसते.

हुकूमनाम्याचा नमुना संहितेच्या परिशिष्टात आहे आणि त्याच्या तळाशी वादी व प्रतिवादी यांच्या खर्चाचे दोन स्तंभ आहेत. आपल्या उदाहरणात वादीचा स्तंभ असा भरला गेला असे समजू: कोर्ट फी १०,००० रुपये, वकीलपत्र व समन्स मिळून ४०० रुपये, नोटीस ६०० रुपये, टंकलेखन ८०० रुपये, साक्षीदार भत्ता १,२०० रुपये आणि नियमातल्या दराने वकील फी ७,००० रुपये. बेरीज २०,००० रुपये होते. प्रतिवादीच्या स्तंभात वकीलपत्र, अर्जांचे स्टॅम्प, नियमातली वकील फी आणि त्याच्या एका साक्षीदाराचा भत्ता मिळून ८,००० रुपये आहेत.

बागायतदाराचा खरा खर्च याहून मोठा आहे. त्याने वकिलाला ४०,००० रुपये दिले आणि तारखांना येण्याजाण्यात व इतर किरकोळ बाबींत त्याचे ९,००० रुपये गेले. कोर्ट फीपासून साक्षीदारापर्यंतचे १३,००० रुपये त्यात मिळवले की ६२,००० रुपये होतात. दावा पूर्ण खर्चासह मंजूर झाला तरी त्यातले २०,००० रुपयेच हुकूमनाम्यात येतात. उरलेले ४२,००० रुपये जिंकूनही त्याचेच जातात. तडजोडीची बोलणी करताना दावा जिंकल्यावर हातात काय येईल याचा हिशेब करायचा असेल, तर तो या आकड्याने करावा.

दावा हरला असता तर व्यापाऱ्याचे ८,००० रुपये द्यावे लागले असते आणि स्वतःचे ६२,००० रुपये गेलेच असते. हरणाऱ्यावर समोरच्या वकिलाची सगळी फी येऊन पडते ही भीती साध्या दिवाणी दाव्यात अनाठायी आहे. तशी धमकी नोटिशीत दिसली तर ती धमकी म्हणूनच वाचावी.

अंशतः मंजूर झालेला दावा

बहुतेक वसुली दावे पूर्ण मंजूर किंवा पूर्ण नामंजूर होत नाहीत. समजा, व्यापाऱ्याने ७०,००० रुपये रोख दिल्याची बागायतदाराच्या सहीची पावती हजर केली आणि न्यायालयाने ती मानली. मग दावा २,१०,००० रुपयांपुरता, म्हणजे तीन चतुर्थांश, मंजूर होतो. हुकमात «प्रमाणशीर खर्चासह» असे शब्द असतील, तर वादीला त्याच्या २०,००० रुपयांपैकी १५,००० रुपये मिळतात.

नामंजूर झालेल्या एक चतुर्थांश भागावर प्रतिवादीला त्याच्या खर्चाचा भाग मिळू शकतो. तसा हुकूम झाला तर ८,००० रुपयांचे २,००० रुपये वादीने द्यायचे. दोन्ही रकमा एकमेकांतून वळत्या करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे आणि तसे हुकमात लिहिलेले असलेले बरे. लिहिले असेल तर निव्वळ १३,००० रुपये उरतात. लिहिले नसले तरी आदेश २१ नुसार एकाच हुकूमनाम्याखाली मोठी रक्कम येणे असलेला पक्षच, लहान रक्कम वजा करून, दरखास्त म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज लावू शकतो. तरी हिशेब स्पष्ट राहावा म्हणून अंतिम युक्तिवादाच्या शेवटी वळतीची मागणी तोंडी का होईना, करून ठेवावी.

न्यायालय प्रमाणाच्या गणितालाच बांधलेले नाही. ज्या पावतीमुळे ७०,००० रुपये कमी झाले ती वादीने दाव्यात लपवली होती असे दिसले, तर त्या वागणुकीचे कारण लिहून न्यायालय वादीला खर्च नाकारू शकते. मिळालेली रक्कम दाव्यात कबूल करून उरलेल्याचाच दावा लावण्यात हा एक रोकडा फायदा आहे, कारण कोर्ट फीही तेवढीच कमी पडते.

दाव्यात तडजोड झाली तर खर्चाबद्दल कलम लिहिल्याशिवाय कोणालाही काही मिळत नाही. तडजोड पुरशिसेत «ज्याचा खर्च त्याने सोसावा» हे वाक्य सवयीने टंकले जाते. ते मान्य नसेल तर सही करण्यापूर्वी खोडून घ्यावे. न्यायालयाने पाठवलेले प्रकरण लोकअदालतीत मिटले तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. आपल्या उदाहरणात ते १०,००० रुपये आहेत आणि ते मिळण्यासाठी व्यापाऱ्याच्या मागे लागावे लागत नाही.

पाचवी पायरी: तक्ता तपासणे आणि दुरुस्त करून घेणे

हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल हातात आली की तीन ठिकाणी बोट ठेवून वाचावे. निकालपत्रातली खर्चाची ओळ आणि हुकूमनाम्यातली ओळ एकच आहे का, कोर्ट फीचा आकडा दाव्यावरच्या स्टॅम्पशी जुळतो का आणि पावत्या दिलेल्या बाबी स्तंभात आल्या आहेत का, ही ती तीन ठिकाणे होत. बेरीज चुकली, एखादी रक्कम उतरवायची राहिली किंवा स्तंभ उलटे झाले, तर तो लेखनदोष समजून कलम १५२ खाली दुरुस्तीचा अर्ज द्यावा. असा दोष केव्हाही दुरुस्त करता येतो.

निकालपत्रातच खर्च नाकारला असेल, तर मात्र दुरुस्ती अर्जाने काम भागत नाही. कारणे न देता खर्च नाकारणे हा अपिलातला मुद्दा आहे. केवळ खर्चापोटी अपील करणे सहसा परवडत नाही आणि तत्त्वाचा प्रश्न असल्याशिवाय अपील न्यायालय न्यायाधीशाच्या विवेकात हात घालत नाही. व्यापाऱ्याने सांगलीच्या जिल्हा न्यायालयात अपील केले, तर त्याच अपिलात प्रति-आक्षेप दाखल करून खर्चाचा मुद्दा घेता येतो आणि हा मार्ग स्वस्त पडतो. तो अपिलाची नोटीस बजावल्यापासून एका महिन्यात दाखल करायचा असतो, ही मुदत सांभाळावी.

पुढे दुसरे अपील झालेच तर ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचमुळे सांगली-साताऱ्याच्या पक्षकाराला मुंबईची वारी करावी लागत नाही. हुकूमनाम्यात न येणाऱ्या खर्चाचा तो मोठा भाग होता.

सहावी पायरी: वसुली

खर्चाची रक्कम हुकूमनाम्याचाच भाग असते आणि तिच्यासाठी वेगळा दावा लावावा लागत नाही. दरखास्तीच्या नमुन्यात मंजूर झालेल्या खर्चाचा रकाना स्वतंत्र आहे. मुद्दल आणि व्याज भरून हा रकाना कोरा सोडलेल्या दरखास्ती पाहिल्या आहेत. मग ते पैसे मागायचे राहून जातात. दरखास्तीची मुदत बारा वर्षे आहे, पण मालमत्ता तेवढा वेळ जागेवर राहत नाही.

हुकूमनामा तासगावच्या न्यायालयाचा आणि व्यापाऱ्याचे दुकान व बँक खाते सांगलीत, अशा स्थितीत हुकूमनामा अंमलबजावणीसाठी सांगलीच्या न्यायालयाकडे वर्ग करून घ्यावा लागतो. आधी तो अर्ज, मग दरखास्त, मग जप्ती असा हा क्रम आहे. मालमत्तेची माहिती नसेल तर व्यापाऱ्याला शपथपत्रावर आपली मालमत्ता सांगायला लावण्याची तरतूद आदेश २१ मध्ये आहे. हुकूमनामाच फक्त खर्चाच्या किरकोळ रकमेचा असेल तर अटकेची भाषा करू नये, कारण हुकूमनाम्याची एकूण रक्कम २,००० रुपयांच्या आत असेल तर दिवाणी कोठडीचा हुकूम होत नाही.

पैसे देणाऱ्या व्यापाऱ्यासाठीही एक सूचना आहे. रक्कम न्यायालयाबाहेर, ओळखीच्या माणसांसमोर दिली आणि न्यायालयात नोंदवली नाही, तर अंमलबजावणी करणारे न्यायालय ती रक्कम दिली असे मानत नाही. वादीने पावती देऊन स्वतः नोंद केली नाही, तर देणाऱ्याने तीस दिवसांच्या आत अर्ज करून ती नोंदवून घ्यावी. बेदाण्याच्या बाजारात रोखीचे व्यवहार शब्दावर होतात, तीच सवय हुकूमनाम्याची रक्कम देताना महागात पडते.

अपिलात निकाल फिरला तर खर्चही फिरतो. व्यापाऱ्याने मुद्दल आणि १३,००० रुपये खर्च भरला आणि नंतर जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला, तर त्याला कलम १४४ खाली मूळ न्यायालयातच अर्ज करून रक्कम परत मागता येते आणि त्या कलमात खर्चाच्या परताव्याचा उल्लेख स्पष्ट आहे. त्यासाठी वेगळा दावा लावायला कलमानेच मनाई केली आहे. अर्जासोबत अपिलाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल आणि पैसे भरल्याची न्यायालयाची पावती जोडावी लागते.